गल्ली क्रिकेटच्या प्रायोजकत्वाचे पत्र

गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेसाठी दुकानदाराच्या हातात दिले जाणारे प्रायोजकत्वाचे पत्र हे वर्गणीच्या पावतीचे सख्खे भावंड वाटते. तीच पोरे, तेच लेटरहेड, तेच 'आपल्या विभागातील' आणि 'सालाबादप्रमाणे'. दुकानदारही ते वर्गणीसारखेच वाचतो. म्हणजे वाचतच नाही. किती द्यायचे एवढेच विचारतो, गल्ल्यातून दोनशे-पाचशे काढतो आणि विषय संपवतो. समितीला हवे असतात सात हजार, हातात पडतात पाचशे, आणि मग दुकानदार कंजूष ठरतो. चूक बहुतेक वेळा पत्राची असते. वर्गणी मागितली की वर्गणीच मिळते. प्रायोजकत्व ही जागा, वेळ आणि नाव यांची विक्री आहे, आणि विकायचे काय, किती आणि केवढ्याला, हे पत्रात नसेल तर घेणारा घेणार तरी काय?

म्हणून पत्राचे काम कागदावर लिहायला बसण्याच्या आधी, स्पर्धेच्या वेळापत्रकापासून सुरू होते. उदाहरण म्हणून उपनगरातले एक मंडळ धरू. सोळा संघ, बाद फेरी, सहा षटकांचे सामने, शुक्रवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत शाळेच्या मैदानावर. सोळा संघांच्या बाद फेरीत पंधरा सामने होतात: शुक्रवारी चार, शनिवारी सहा, रविवारी उपांत्यपूर्व फेरीचे उरलेले दोन, दोन उपांत्य आणि अंतिम. प्रत्येक सामन्यात दोन्ही डाव मिळून बारा षटके, म्हणजे पूर्ण स्पर्धेत जास्तीत जास्त १८० षटके. ओव्हर संपली, क्षेत्ररक्षक बाजू बदलू लागले, की समालोचकाला अर्धा मिनिट मोकळा मिळतो. दुकानाचे नाव घ्यायची जागा हीच. काही संघ लवकर बाद होतात, काही सामने चौथ्या षटकातच संपतात, म्हणून १८० पैकी १५० घोषणाच हातात आहेत असे धरावे. ही झाली विक्रीला ठेवलेली पहिली वस्तू, आणि तिची संख्या आता माहीत आहे.

दुसरी वस्तू म्हणजे सीमारेषेवरचे फ्लेक्स, तिसरी बक्षीस समारंभाचा मांडव, चौथी यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण. संघात राखीव धरून बारा जण असले तर मैदानात १९२ खेळाडू उतरतात, आणि हा आकडा नावानिशी यादीत असतो. प्रेक्षकांचे तसे नसते. 'हजारो क्रिकेटरसिकांच्या उपस्थितीत' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आढळते, आणि मैदानासमोरच ज्याचे दुकान आहे तो ते वाचून मनातल्या मनात हसतो, कारण मागच्या वर्षी गर्दी किती होती हे त्याने गल्ल्यावर बसून पाहिलेले असते. मागच्या अंतिम सामन्याच्या वेळी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून काढलेला एक फोटो आणि त्यातली डोकी मोजून लिहिलेला '३५० ते ४००' हा आकडा या हजारोंपेक्षा जास्त विश्वास कमावतो.

वेळापत्रकाचा आणि प्रायोजकाच्या फायद्याचा आणखी एक संबंध आहे, जो आयोजकांच्या क्वचितच लक्षात येतो. बाद फेरीत निम्मे संघ एकच सामना खेळून घरी जातात. आठ संघांच्या, म्हणजे ९६ खेळाडूंच्या, डोळ्यांसमोर दुकानाचे नाव तासभरच राहते. चार-चार संघांचे गट पाडून साखळी सामने घेतले तर प्रत्येक संघ निदान तीनदा मैदानावर येतो, पण सामने पंधराचे सत्तावीस होतात आणि मैदान आणखी दोन दिवस लागते. परवडत असेल तर साखळीचे प्रायोजकत्व जास्त दराने विकता येते. परवडत नसेल तर निदान 'तीन दिवस सर्व संघांसमोर' असे पत्रात लिहू नये.

यानंतर हिशेब. वरच्या मंडळाचा खर्च ढोबळमानाने असा धरता येईल: पहिले बक्षीस १५,००० आणि दुसरे ८,०००, चषक ६,०००, तीस डावांना तीस चेंडू म्हणजे २,४००, दोन पंच आणि एक स्कोअरर यांचे तीन दिवसांचे मानधन ७,२००, मांडव, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक १०,५००, मैदानाचे भाडे आणि खेळपट्टी ५,०००, चहा-पाणी ४,९००, फ्लेक्स ५,०००, प्रक्षेपण ९,०००, प्रथमोपचार आणि किरकोळ ३,०००. बेरीज ७६,०००. दर गावागणिक बदलतील, पण मांडणी हीच राहते. सोळा संघांची प्रत्येकी १,५०० प्रवेश फी म्हणजे २४,०००. उरले ५२,०००, आणि तेवढेच दुकानदारांकडून यायला हवेत.

हे ५२,००० तीन पायऱ्यांत वाटले जातात. एक मुख्य प्रायोजक २०,०००. तीन सहप्रायोजक प्रत्येकी ७,००० म्हणजे २१,०००. आणि अकरा शुभेच्छुक प्रत्येकी १,०००. 'शुभेच्छुक' हा शब्द मराठी फलकावर इतका रुळलेला आहे की त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही: खालच्या पट्टीत ओळीने नावे. पायऱ्या याहून जास्त केल्या, सुवर्ण, रौप्य, कांस्य, हिरक अशी नावे दिली, तर दुकानदाराला आपण नेमके कुठे आहोत हे कळत नाही आणि समितीलाही कोणाला काय कबूल केले ते आठवत नाही.

आता १५० घोषणा या पायऱ्यांत वाटायच्या. मुख्य प्रायोजकाला ५०, सहप्रायोजकांना प्रत्येकी २० म्हणजे ६०, शुभेच्छुकांना प्रत्येकी तीन म्हणजे ३३. एकूण १४३. उरलेल्या सात 'लहान मुलांनी सीमारेषेच्या आत येऊ नये' यासाठी लागतातच. ही वाटणी कागदावर आली की पत्रातले 'भरपूर प्रसिद्धी दिली जाईल' हे वाक्य आपोआप गळून पडते आणि त्या जागी 'तीन दिवसांत माइकवरून २० वेळा आपल्या दुकानाचे नाव व एक ओळ' असे मोजता येईल असे वचन येते. दुकानदार हे लगेच तोलून पाहू शकतो, कारण पेपरात टाकायची पत्रके किंवा रिक्षावर कर्णा बांधून फिरवलेली जाहिरात यांचा खर्च त्याला तोंडपाठ असतो.

फायदा मात्र सगळ्या दुकानांचा सारखा नसतो, आणि एकच पत्र शंभर झेरॉक्स काढून वाटण्यातली खरी खोट इथे आहे. मोबाइलच्या दुकानाचे गिऱ्हाईक म्हणजे अठरा ते तीस वर्षांची पोरे, आणि ती मैदानातच असतात. त्याला खेळाडूंची संख्या, प्रक्षेपण आणि मालिकावीराला त्याच्या दुकानातला हेडफोन देण्याची संधी, हे सांगावे. क्लासवाल्याला पोरांपेक्षा त्यांचे आईबाप हवे असतात; ते फक्त रविवारी अंतिम सामन्याला येतात, म्हणून त्याचा फ्लेक्स मांडवाजवळ लागला पाहिजे. किराणा दुकानाचे गिऱ्हाईक बहुतेक मैदानावर नसतेच. त्याला जाहिरातीचे आमिष दाखवणे फोल आहे. तिथे खरा फायदा ओळखीचा असतो, म्हणजे वस्तीतल्या मंडळाशी असलेले संबंध, आणि तेवढे प्रामाणिकपणे म्हटले की तो शुभेच्छुक होतो. औषधाच्या दुकानाकडून पैशांऐवजी प्रथमोपचाराची पेटी आणि वेदनाशामक स्प्रे मागावा: त्याचे नाव त्या पेटीवर आणि प्रत्येक पडलेल्या खेळाडूबरोबर माइकवर येते. पाण्याचे जार पुरवणारा, चहाचा टपरीवाला, खेळाच्या साहित्याचे दुकान, या सगळ्यांकडून वस्तू घेतली की समितीचा खर्च कमी होतो आणि त्यांना ती घाऊक भावात पडते. वस्तूची किंमत मात्र पत्रात रुपयांत लिहावी, नाहीतर तीस चेंडूंऐवजी दहा येतात आणि उरलेले 'नंतर पाठवतो' होतात.

वस्तुरूप प्रायोजकत्वात एक सापळा असतो. प्रत्येक षटकाराला वडापावचे कुपन, प्रत्येक बळीला शंभर रुपये, अशा घोषणा प्रेक्षकांना आवडतात आणि हॉटेलवाले उत्साहात कबूलही करतात. लेगसाइडला तीस पावलांवर कुंपण असलेल्या मैदानावर एका सामन्यात दहा षटकार सहज जातात. पंधरा सामन्यांचे दीडशे झाले की शनिवारी संध्याकाळीच हॉटेलवाला फोन उचलणे बंद करतो आणि माइकवर नाव घेतलेल्या दुकानाचीच नाचक्की होते. पत्रात 'कमाल ६० कुपने, त्यानंतर घोषणा बंद' अशी मर्यादा घातली की कोणाचेच नुकसान होत नाही.

फ्लेक्सच्या बाबतीत 'मैदानावर ठळक जागी' हे शब्द निरर्थक आहेत. फलक रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की अक्षराच्या दर इंच उंचीमागे सुमारे दहा फुटांवरून ते आरामात वाचता येते. सहा फूट रुंद, तीन फूट उंच फ्लेक्सवर दुकानाचे नाव, पत्ता, दोन फोन नंबर, मालकाचा फोटो आणि देवाचे चित्र कोंबले की नावाचे अक्षर चार इंचांवर येते आणि ते चाळीस फुटांपलीकडे कोणाला वाचता येत नाही. त्याच फ्लेक्सवर फक्त नाव आणि एक शब्द, म्हणजे 'मोबाइल' किंवा 'मिठाई', ठेवला तर अक्षर पंधरा इंचांचे होते आणि मैदानाच्या मध्यापलीकडूनही दिसते. मजकूर कोण ठरवणार आणि छपाईचा खर्च कोणाचा, हे पत्रातच लिहावे लागते. दुकानदाराने स्वतःचा जुना फ्लेक्स दिला तर पैसे वाचतात, पण दिवाळीच्या ऑफरचा फ्लेक्स जानेवारीत लावून कोणाचाच फायदा होत नाही.

जागेचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रक्षेपणासाठी एकच कॅमेरा असेल तर तो बहुधा एका टोकाच्या यष्टींमागे, सरळ रेषेत ठेवतात. मग पडद्यावर सतत दिसते ती समोरची सीमारेषा. पडद्यावर जे नाव तीन दिवस राहणार ते तिथे लावलेले, त्यामुळे ही जागा सर्वांत महाग. पण गोलंदाजाच्या हातामागची जागाही तीच, आणि पिवळसर टेनिस बॉलच्या मागे पिवळा फ्लेक्स आला तर फलंदाजाला चेंडू दिसत नाही. पहिल्या सामन्यातच कर्णधार तक्रार करतो, पंच फ्लेक्स उतरवायला लावतो, आणि वीस हजार दिलेल्या मुख्य प्रायोजकाचे नाव गवतावर घडी घालून पडते. म्हणून ही जागा विकताना मधली पंधरा फुटे मोकळी सोडून दोन्ही बाजूंना दोन फ्लेक्स असे लिहावे. मैदानाचा हाताने काढलेला एक नकाशा, त्यावर क्रमांक घातलेल्या जागा, हे पत्राला जोडले तर या सगळ्या वाटाघाटी दुकानाच्या काउंटरवर उरकतात.

मैदानाच्या बाहेरचे वेगळे. रस्त्यावरच्या खांबांवर आणि चौकात फलक लावायला महापालिकेची परवानगी लागते. विनापरवाना फलकांविरुद्ध १९९५चा महाराष्ट्र मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये याबाबत कडक आदेश दिले. पालिकेने फलक उतरवला की गुन्हा नोंदवताना फलकावर ज्याचे नाव आहे तोही अडचणीत येऊ शकतो. पत्रात 'विभागातील सर्व चौकांत आपले नाव' असे वचन देण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.

प्रकाशझोतातल्या स्पर्धेला घड्याळाची मर्यादा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले काही मोजके दिवस शासन बारापर्यंत सवलत देते, पण ती सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी. आठला सुरू होणारा अंतिम सामना नेहमीप्रमाणे दीड तास उशिरा सुरू झाला तर बक्षीस समारंभ माइकशिवाय उरकावा लागतो, आणि मुख्य प्रायोजकाने ज्या क्षणासाठी पैसे मोजले तो क्षण मुका होतो. शहाणी समिती अंतिम सामना साडेपाचला ठेवते आणि पत्रात 'बक्षीस समारंभ रात्री ८ वाजता' असे लिहिते.

काही दुकाने अशी असतात की त्यांचे पैसे घेता येत नाहीत, निदान त्यांच्या मालाच्या नावाने. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने तंबाखूच्या उत्पादनांची जाहिरात आणि त्या बदल्यात प्रायोजकत्व या दोन्हींवर बंदी आहे, आणि महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. पानवाला स्वतःच्या नावाने शुभेच्छुक होऊ शकतो. सिगारेट किंवा गुटख्याच्या ब्रँडचे चित्र फ्लेक्सवर नको.

याहून जास्त पत्रे अडतात ती राजकारणावर, आणि ही गोष्ट कोणी तोंडावर बोलत नाही. स्पर्धेला 'आमदार चषक' किंवा 'नगरसेवक चषक' असे नाव असले, मुख्य फलकावर नेत्यांचे पाच मोठे चेहरे असले, की दुकानदार दोन कारणांनी मागे सरकतो. एक म्हणजे त्याचे नाव त्या चेहऱ्यांच्या पायाशी बारीक अक्षरांत येणार. दुसरे म्हणजे दुसऱ्या पक्षाचे लोकही त्याच्याकडूनच साखर घेतात. तो नाही म्हणत नाही. 'शेठ गावाला गेलेत' म्हणतो. फलकावर राजकीय फोटो नसतील तर ते पत्रात स्पष्ट लिहावे. असतील तर प्रायोजकांचा फलक वेगळा असेल एवढे तरी लिहावे.

पैशाची देवघेव हा पत्रातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दुकानदार यूपीआयने पैसे भरायला क्यूआर कोड स्कॅन करतो आणि पडद्यावर मंडळाऐवजी एखाद्या पोराचे नाव येते. तिथेच तो थबकतो. नोंदणीकृत मंडळाला पॅन आणि बँक खाते काढता येते. नोंदणी नसेल तर खजिनदाराचे नाव आणि त्याच्याच नावाचे खाते आहे हे पत्रात आधीच सांगून टाकलेले बरे. हिशेबाच्या दृष्टीने शब्दालाही महत्त्व आहे. जाहिरातीसाठी दिलेले पैसे दुकानदार धंद्याचा खर्च म्हणून दाखवू शकतो, पण त्यासाठी त्याला 'वर्गणी मिळाली' अशी नव्हे तर 'स्पर्धेतील जाहिरातीपोटी' अशी पावती लागते. शिवाय रोखीने एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांपेक्षा जास्त दिलेला खर्च आयकरात मान्य होत नाही, म्हणून वीस हजारांचा मुख्य प्रायोजक चेक किंवा बँकेतूनच पैसे देणार. दुकान भागीदारी संस्था असेल तर प्रायोजकत्वावरचा जीएसटी भरायची जबाबदारी त्या संस्थेवरच येते. तिच्या अकाउंटंटने हरकत घेतली तर ते निमित्त समजू नये. 'वर्गणी' हा शब्द आणखी एका कारणाने टाळावा: नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातील कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते, हे गणेशोत्सव मंडळांना चांगलेच माहीत असते.

एवढे ठरले की पत्र एका पानात बसते. मोबाइलच्या दुकानाला सहप्रायोजकत्वासाठी लिहिलेले पत्र साधारण असे होईल:

प्रति, मालक, अमुक मोबाइल शॉपी
विषय: टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचे सहप्रायोजकत्व

स. न. वि. वि.

आमच्या मंडळाची खुली टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा दि. २३ ते २५ जानेवारी (शुक्रवार ते रविवार) रोजी शाळेच्या मैदानावर होत आहे. मैदानाची परवानगी मिळाली असून प्रत सोबत जोडली आहे. स्पर्धेत १६ संघ, १९२ खेळाडू व १५ सामने आहेत. गेल्या वर्षी अंतिम सामन्याला सुमारे ३५० ते ४०० प्रेक्षक होते. फोटो सोबत आहे.

खेळाडूंपैकी बहुतेक याच विभागातील तरुण असल्याने आपल्या दुकानाने सहप्रायोजक व्हावे अशी विनंती आहे. रक्कम ७,००० रुपये. त्याबदल्यात: सोबतच्या नकाशातील क्र. ३ च्या जागी ६ x ३ फुटांचा एक फ्लेक्स (छपाई आमची, मजकूर आपला). तीन दिवसांत माइकवरून २० घोषणा. प्रक्षेपणात दोन डावांमधल्या वेळेत आपले नाव. आणि उत्कृष्ट गोलंदाजाचे बक्षीस आपल्या हस्ते. मोबाइल विक्रीचे दुसरे कोणतेही दुकान प्रायोजक घेतले जाणार नाही.

पाऊस वा अन्य कारणाने स्पर्धा रद्द झाल्यास फ्लेक्सचा खर्च वजा करून रक्कम १० दिवसांत परत केली जाईल. पुढे ढकलल्यास हीच सोय नव्या तारखेला लागू राहील. दि. ८ जानेवारीपर्यंत होकार कळवावा, म्हणजे फ्लेक्स वेळेत छापता येईल. जाहिरातीची पावती दिली जाईल.

आपले नम्र,
अध्यक्ष / खजिनदार (नाव, सही, मोबाइल क्रमांक)

या पत्रातले 'दुसरे कोणतेही दुकान घेतले जाणार नाही' हे वाक्य सर्वांत मोलाचे आणि सर्वांत धोक्याचेही. सात हजारांसाठी दुकानदार खरे तर हेच विकत घेतो: समोरच्या दुकानाचे नाव तिथे नसणे. पण समितीतली दोन पोरे दोन दिशांना फिरतात, एकाने एका मोबाइलवाल्याला कबूल केलेले असते आणि दुसऱ्याने दुसऱ्याला, आणि शुक्रवारी दोन्ही फ्लेक्स शेजारी शेजारी फडकतात. म्हणून पत्रे वाटण्याआधी कोण कोणत्या धंद्याकडे जाणार याची एकच यादी करून ती एकाच माणसाकडे ठेवावी. होकार आला की त्याच दिवशी त्या धंद्याची बाकीची पत्रे मागे घ्यायची.

पत्र पोहोचवण्याच्या वेळेचे काही अलिखित नियम आहेत. बोहनी होण्याआधी कोणत्याही दुकानात पैशांची गोष्ट काढायची नाही. संध्याकाळी सहा ते नऊ गिऱ्हाइकाची वेळ, तेव्हा पत्र काउंटरवर ठेवले की त्याच्यावर चहाचा ग्लास येतो. दुपारी तीन-साडेतीन बरी. दोघांनी जावे, त्यातला एक त्या दुकानाचा नेहमीचा गिऱ्हाईक असावा, आणि पत्र नोकराच्या नव्हे, मालकाच्या हातात द्यावे. स्पर्धेच्या चाळीस दिवस आधी पहिली फेरी, दहा दिवसांनी दुसरी. जानेवारीतल्या स्पर्धेसाठी डिसेंबरचा पहिला आठवडा सोयीचा पडतो: दिवाळीचा माल विकून पैसे हातात आलेले असतात आणि गणपती-दहीहंडीच्या पावत्यांचा वैताग ओसरलेला असतो. 'ठेवून जा, बघतो' हा नकार समजावा, पण दुसऱ्या फेरीत त्याच दुकानाला सात हजारांऐवजी एक हजाराचे शुभेच्छुक पत्र दिले तर बऱ्याचदा होकार येतो.

पत्रातली वचने पाळली गेली का, हे स्पर्धा चालू असतानाच मोजावे लागते. स्कोअररच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रायोजकांची नावे लिहून समालोचकाने नाव घेतले की रेघ मारायची, एवढे पुरते. समालोचक रंगात आला की नावे विसरतो, आणि चुरशीच्या शेवटच्या षटकात कोणी जाहिरात वाचली तर प्रेक्षक शिव्या घालतात. म्हणून घोषणा पहिल्या चार षटकांत उरकाव्यात. फ्लेक्स रोज सकाळी मोजावेत. वाऱ्याने फाटतात, आणि रात्रीत नाहीसेही होतात, कारण चांगला फ्लेक्स पावसाळ्यात कौलांवर टाकायला उपयोगी पडतो. लावल्या लावल्या प्रत्येक फ्लेक्सचा, मागे मैदान दिसेल असा, फोटो काढून ठेवला असेल तर पुढचा वाद होत नाही.

स्पर्धेनंतर आठवड्याभरात प्रत्येक प्रायोजकाकडे दुसरा कागद जायला हवा. त्यात त्याच्या फ्लेक्सचा फोटो, बक्षीस देतानाचा फोटो, प्रत्यक्ष झालेल्या घोषणांची संख्या, प्रक्षेपण किती जणांनी पाहिले तो पडद्यावरचा आकडा, पावती, आणि खर्चाचा एका पानाचा हिशेब असतो. वीसपैकी सतराच घोषणा झाल्या असतील तर सतराच लिहाव्यात आणि उरलेल्या तीन पुढच्या वर्षी भरून देण्याचे कबूल करावे. पुढच्या डिसेंबरात त्या दुकानात जाताना नव्या पत्राबरोबर हाच कागद काउंटरवर ठेवला जातो, आणि मुख्य प्रायोजकत्व पहिल्यांदा विचारले जाते ते गेल्या वर्षीच्या तीन सहप्रायोजकांना.